सुटावरचा ओव्हरकोट निवडताना

लंडनला नोकरीसाठी गेलेल्या माणसाची पहिल्या थंडीतली मोठी खरेदी म्हणजे लोकरीचा ओव्हरकोट. बरेच जण तो दुकानात नुसत्या शर्टावर घालून बघतात. आरशात झकास दिसतो, पण सुटावर चढवला की काखेत आवळतो. तेव्हा कोट घ्यायला जाताना रोजच्या वापरातलं सुटाचं जॅकेट अंगात असू द्या.

समजा, तुमचं जॅकेट ४० नंबरचं आहे. ब्रिटनमध्ये याचा अर्थ छाती ४० इंच. ओव्हरकोटही ४० नंबरचाच मागा. आत जॅकेट असणार हे धरूनच तो सैल बेतलेला असतो, त्यामुळे आपणहून ४४ घेतला तर अंगात पोतं घातल्यासारखं दिसतं. हल्ली स्वेटरवर घालायचे अंगासरशी कोटही मिळतात. तसा असेल तर मात्र ४२ घालून बघावा.

आता खांदा. माझ्या मते निम्मा निकाल इथेच लागतो. बाही जिथे खांद्याला जोडलेली असते, ती शिवण जॅकेटच्या शिवणीच्या किंचित बाहेर, साधारण अर्धा इंच, पडायला हवी. कोट अरुंद असेल तर जॅकेटच्या खांद्याचं पॅड आतून ढकलतं आणि शिवणीखाली बाहीवर फुगवटा उठतो. कोट रुंद असेल तर त्याच जागी खळगा पडतो आणि बाही वरून लोंबते. हात खाली सोडून, बटणं लावून, उजेडात बघा. मग दोन्ही हात पुढे घेऊन गाडीचं स्टिअरिंग धरल्यासारखे करा. पाठ ताणली, तर कोट लहान आहे. रॅग्लन बाहीच्या कोटाला खांद्यावर शिवणच नसते. तिथे फक्त हात हलवून आणि पाठ बघूनच ठरवायचं.

खांदा चुकला तर सोडून द्या. तो उसवून बसवायला शिंपी बक्कळ पैसे घेतो आणि काम मनासारखं होईलच असं नाही. कंबर आत घेणं किंवा बाही आखूड करणं त्यामानाने सोपं.

लांबीचा नियम एकच, पण कडक: जॅकेटची खालची कड कोटाखालून डोकावता कामा नये. किमान मांडीच्या मध्यापर्यंत कोट हवा; गुडघ्याजवळ आला तर थंडीही अडते आणि सुटाला शोभतोही. साडेपाच फूट उंचीच्या माणसाने पोटरीपर्यंतचा कोट टाळावा, आणखी बुटका दिसतो. नंबरापुढे ‘शॉर्ट’ लिहिलेला कोट अशांसाठीच असतो. नेहमीचा घेऊन खालून कापायचा तर एकदोन इंचच निघतात. जास्त कापलं की खिसे आणि शेवटचं बटण कडेला येऊन बसतात.

घरी आणल्यावर पाठीमागच्या चिरेवरचे फुलीसारखे टाके उसवायला विसरू नका. ते फक्त दुकानात घडी नीट राहावी म्हणून घातलेले असतात.