शिळफाट्याच्या अलीकडे अडकलेय : उशिराचा निरोप खरा कसा वाटतो

डोंबिवलीहून ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये कामाला जाणारी एक बाई सकाळी बसमध्ये अडकते. कारण खरं आहे, रस्ता खरोखर तुंबलाय. ऑफिसच्या ग्रुपवर रोज इंग्रजी चालतं, पण तिचे साहेब मराठी आहेत, म्हणून डोक्यातलं इंग्रजी वाक्य ती मराठीत उतरवते : ‘क्षमस्व, मी रहदारीमध्ये अडकले आहे आणि मला वीस मिनिटांनी उशीर होत आहे. कृपया माझ्याशिवाय सुरुवात करा.’ व्याकरण जवळपास ठीक आहे. तरी वाचणाऱ्याला हे आधीच लिहून ठेवलेलं वाटतं. खरं बोलणारा माणूस खोटा वाटावा, हे वाईट. असं का होतं आणि ते दुरुस्त कसं करायचं, हे याच वाक्यावर पाहू.

सुरुवात क्रियापदापासून करू. घाईत टाइप करणारा मराठी माणूस ‘अडकले आहे’ लिहीत नाही, तो ‘अडकलेय’ लिहितो. निघालोय, थांबलीये, हलत नाहीये ही बोलण्यातली जोडरूपं आहेत. बाकी शब्द तेच ठेवून फक्त एवढं बदललं, तरी वाक्य छापील कागदावरून तोंडात येतं. यातच लिंगाचाही प्रश्न सुटायला हवा. इंग्रजी वाक्यात बोलणारा पुरुष की बाई हे दिसत नाही, मराठीत दिसतं : अडकलोय आणि अडकलेय. कुणाचा तरी तयार निरोप पुढे ढकलला की नेमकी इथेच चूक होते, आणि बाईच्या नंबरवरून ‘अडकलोय’ आलं की वाचणारा थबकतो.

दुसरी गोष्ट जागेची. ‘रहदारी’ हा शब्द पाटीवर आणि बातमीत असतो, माणूस ‘ट्रॅफिक’ म्हणतो. पण नुसतं ‘ट्रॅफिकमध्ये’ म्हटलं तर ते कुठेही, कधीही लागू पडतं आणि म्हणूनच पोकळ वाटतं. प्रत्यक्ष अडकलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर रस्ता असतो, त्यामुळे त्याच्या तोंडी नाका, पूल, फाटा आपोआप येतो. डोंबिवलीहून कल्याण-शीळ रस्त्याने निघालं की काटई नाका, मग पलावा, मग शिळफाटा लागतो. म्हणून ‘शिळफाट्याच्या अलीकडे’ हे दोन शब्द पुरेसे आहेत. ‘अलीकडे’ या शब्दातून ती कोणत्या बाजूने येतेय आणि फाटा अजून पार झालेला नाही, हे दोन्ही कळतं. ‘काटई सोडल्यापासून रांगच आहे’ यातला ‘च’ वैताग सांगतो, त्यासाठी वेगळं विशेषण लागत नाही.

तिसरी गोष्ट वेळेची. ‘वीस मिनिटांनी उशीर होत आहे’ हे इंग्रजीच्या साच्यातलं आहे. मराठीत ‘पोचायला वीस मिनिटं तरी लागतील’ असं येतं. ‘तरी’ म्हणजे किमान इतकी, जास्तही लागू शकतात. अडकलेल्याला नक्की आकडा ठाऊक नसतो आणि तो अंदाज या एका शब्दात उतरतो. तीच गोष्ट ‘माझ्याशिवाय सुरुवात करा’ची. इथे लोक ‘तुम्ही सुरू करा, मी आलेच’ म्हणतात. भूतकाळातलं रूप आणि त्याला ‘च’ लावला की मराठीत ‘आत्ता येते’ असा अर्थ होतो. पण शिळफाट्यावरून वागळे इस्टेट गाठायची असेल तर ‘आलेच’ खोटं ठरेल. ते पार्किंगमधून किंवा जिन्यातून पाठवायचं. लांब असताना ‘मी आल्यावर जॉइन होते’ बरं.

आता निरोप असा होतो : ‘सर, शिळफाट्याच्या अलीकडे अडकलेय. काटई सोडल्यापासून रांगच आहे. पोचायला अर्धा तास तरी लागेल. मीटिंग सुरू करा, मी आल्यावर जॉइन होते.’ वीस मिनिटांचा अर्धा तास झाला, कारण जागा नीट लिहिली की आकडाही तपासून घ्यावा लागतो. माफीचा शब्द उरला नाही, तरी निरोप उर्मट वाटत नाही. ‘सर’ आणि ‘करा’ यातच मान आला. फार तर शेवटी ‘सॉरी’ टाकावं. ‘होणाऱ्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहे’ मात्र टाळावं. ते फलाटावरच्या उद्घोषणेतून सगळ्यांच्या कानात बसलंय आणि माणसाच्या तोंडी आलं की पाठ केलेलंच वाटतं.

हाच प्रसंग मैत्रिणीला सांगताना ‘अगं शिळफाट्याला लटकलेय, तू खाऊन घे’ एवढंच पुरतं. आईला कारणापेक्षा काळजी मिटणं महत्त्वाचं असतं : ‘आई, बसमध्येच आहे, ठीक आहे. ट्रॅफिक आहे खूप. ऑफिसला पोचल्यावर फोन करते.’

लोकलचा निरोप थोडा वेगळा असतो. इथे ‘रेल्वे विलंबाने धावत आहे’ कुणी म्हणत नाही, ‘गाड्या लेट आहेत’ म्हणतात. ‘गाडी’ म्हणजे लोकल हे डोंबिवलीत वेगळं सांगावं लागत नाही. इंग्रजीतून येणारी एक चूक इथे महागात पडते. ‘मी गाडी चुकवली’ म्हटलं की मुद्दाम सोडल्यासारखं वाटतं. मराठीत गाडी स्वतःच चुकते किंवा सुटते : ‘माझी ८.२०ची सुटली.’ ‘मी उशीर केला’ आणि ‘मला उशीर झाला’ यांतही असाच फरक आहे. पहिल्यात कबुली आहे, दुसऱ्यात घडलेली गोष्ट. गाडी सोडावीच लागली असेल तर तसंच सांगावं : ‘गर्दीत चढताच आलं नाही, एक गाडी सोडली.’ हे ऐकणारा लगेच मान्य करतो, कारण डोंबिवलीच्या फलाटावर त्याने स्वतःही ती सोडलेली असते.

तपशील ताजा हवा, हेही लोकलवरून कळतं. पूर्वी जलद लोकल पारसिक बोगद्यातून जायची, तेव्हा ‘बोगद्यात होतो, नेटवर्क नव्हतं’ हे सहज चालायचं. २०२२ साली ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाली आणि जलद लोकल मुंब्र्याच्या बाजूने जाऊ लागल्या. आता कल्याणहून आलेला माणूस बोगद्याचं नाव काढेल तर रोजचा प्रवासी चमकून बघेल. कल्याणचा पत्रीपूलही तसाच. जुना पूल पाडल्यापासून नवा २०२१ साली खुला होईपर्यंत त्या कारणाला वजन होतं. आजही तिथे गाड्या तुंबतात, पण ‘पूल बंद आहे’ म्हणता येत नाही. रविवारचा मेगाब्लॉक खरा असला तरी तो आधी जाहीर होतो, म्हणून समोरचा ‘मग लवकर का नाही निघालात?’ असं विचारणारच.

एक कारण पुरतं. ट्रॅफिक, त्यात रिक्षा मिळाली नाही, त्यात पाऊस अशी माळ लागली की प्रत्येक मणी हलका होतो. त्यापेक्षा एकाच कारणाचा पाठपुरावा करावा. पहिल्या निरोपानंतर ‘फाटा सुटला, बायपासला लागले’ एवढा दुसरा निरोप गेला की पहिलाही पक्का होतो, कारण खऱ्या प्रवासात जागा बदलत जाते.

आणि रस्ता मोकळा असताना उशीर झाला असेल, तर त्यासाठीही मराठीत साधं वाक्य आहे : ‘घरातून निघायलाच उशीर झाला, अर्ध्या तासात पोचते.’ ते पत्रीपुलाच्या कुबड्या न घेता उभं राहतं, आणि पुढच्या वेळी शिळफाटा खरोखर तुंबला की त्या माणसाचं ‘अडकलेय’ कुणी तपासून बघत नाही.