एक लाख अकरा हजारांचा रोखा

१९९३ साली गुजरातच्या सरदार सरोवर नर्मदा निगमने एक रोखा ३,६०० रुपयांना विकला. मधल्या काळात व्याज म्हणून काही मिळणार नव्हते; जानेवारी २०१४ मध्ये एकदम १,११,००० रुपये हाती पडणार होते. हिशेब केला तर वर्षाला साधारण साडेअठरा टक्के चक्रवाढ. हा झिरो कूपन बाँड. दरवर्षी व्याज हातात येत नाही, त्यामुळे ते पुन्हा कुठे आणि किती दराने गुंतवायचे हा प्रश्नच उरत नाही. घेताना ठरलेला दर शेवटच्या दिवसापर्यंत बांधलेला असतो, अर्थात रोखा काढणारा बुडाला नाही तर!

पण मधेच विकायला निघालात तर बाजारभाव फार हेलकावे खातो, कारण सगळे पैसे दूरच्या एकाच तारखेला मिळायचे असतात. वीस वर्षांनी एक लाख देणाऱ्या रोख्याची किंमत बाजारात दर ८ टक्के असताना सुमारे २१,४५० रुपये होते. दर ७ टक्क्यांवर आला की ती २५,८०० च्या पुढे जाते, ९ वर गेला की १७,८०० च्या आसपास उतरते. मुदत जवळ येते तसतसे हे हेलकावे कमी होतात.

म्हणजे दर घसरले की धारकाची चांदी, आणि नेमके तेव्हाच कर्जदाराला जुने कर्ज टोचू लागते. म्हणून काही रोख्यांत तो 'कॉल'चा हक्क राखून ठेवतो: ठराविक तारखेला, ठराविक रकमेत रोखा परत घेण्याचा. कॉलची तारीख जवळ आली की अशा रोख्याचा भाव त्या रकमेच्या फारसा वर जात नाही. उद्या पन्नास हजारांत परत जाणाऱ्या कागदाला सत्तर हजार कोण देईल? उलट दर चढले तर कॉल होत नाही आणि पडलेला भाव धारकालाच सोसावा लागतो. त्यामुळे कॉल असलेला रोखा थोडा जास्त परतावा देत नसेल, तर तो घेण्यात अर्थ नाही.

नर्मदा रोख्यात काही ठराविक वर्षी पैसे काढून घेण्याची सोय होती, पण ती धारकासाठी. परत बोलावण्याचा हक्क निगमकडे नव्हता. पुढे दर खूप उतरले, आणि २००८ मध्ये गुजरात विधानसभेने कायदा करून तो हक्क निगमला दिला. जानेवारी २००९ मध्ये रोख्यामागे ५०,००० रुपये ठरले. वरवर पाहता चौदापट झाले की! पण पाच वर्षांनी १,११,००० मिळणार होते. बाजाराचा दर ९ टक्के धरला तरी त्या हक्काची तेव्हाची किंमत ७२,००० च्या घरात होती. हातात आलेले ५०,००० त्याच दराने पाच वर्षे ठेवले, तर २०१४ मध्ये ७७,००० सुद्धा होत नाहीत.