‘तुमचं नाव काय?’ : मदत मागण्याआधीचं बोलणं

आजचा विषय अगदी लहान वाटेल असा आहे. मदतीसाठी फोन करणारा माणूस आधी आपली अडचण सांगत नाही. तो विचारतो, ‘तुमचं नाव काय? तुम्ही कुठले? मुलंबाळं किती?’ या प्रश्नांना काय उत्तर द्यायचं, एवढंच आज बोलायचं आहे.

निवृत्तीनंतर मी काही वर्षं एका हेल्पलाइनवर स्वयंसेवक म्हणून बसत होतो. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेलं, त्यामुळे माणसाचं ऐकून घेणं आपल्याला जमेल असा माझा समज होता. पहिल्याच महिन्यात एका बाईंचा फोन आला. आवाजावरून चाळिशीच्या असाव्यात. त्यांनी विचारलं, ‘सर, तुमचं नाव काय?’ मी म्हणालो, ‘माझ्याबद्दल राहू द्या. आपण तुमच्याबद्दल बोलू.’ मला वाटलं, मी फार नेमकं बोललो. पलीकडून ‘बरं’ एवढं ऐकू आलं आणि फोन ठेवला गेला. त्यांना काय सांगायचं होतं ते मला आजतागायत कळलेलं नाही. ते ‘बरं’ मात्र कानात राहिलं.

माझी चूक काय झाली? मी प्रश्नाचा अर्थ शब्दांत शोधला. मला वाटलं, यांना माहिती हवी आहे, आणि ही माहिती कामाची नाही. पण सगळं बोलणं माहितीसाठी नसतं. मानववंशशास्त्रज्ञ मालिनोव्स्की यांनी १९२३ साली एका निबंधात हे मांडलं आहे. हवापाण्याची, तब्येतीची चौकशी माणसं काही कळावं म्हणून करत नाहीत. एकमेकांशी नातं जुळावं म्हणून करतात. आपल्याकडे ‘काय, जेवलात का?’ असं विचारणाऱ्याला मेनू नको असतो, हे कुणाला शिकवावं लागत नाही. पण मदतनीसाच्या खुर्चीत बसलं की आपण ते विसरतो.

आता नावाकडे थोडं बारकाईनं बघू. नावाची कामं दोन. एक ओळख पटवणं, म्हणजे हजार माणसांतून हा नेमका कोण हे सांगणं. दुसरं हाक मारणं. रात्री दहा वाजता फोन करणाऱ्या माणसाला बहुतेक वेळा दुसरं काम हवं असतं. ‘मी कुणाशी बोलतोय?’ याचा अर्थ ‘मी तुम्हाला काय म्हणू?’ असा असतो. हाक मारायला काही नसेल तर दुःख सांगायचं कुणाला? भिंतीला?

म्हणूनच अनेक हेल्पलाइनवर स्वयंसेवक दुसरं नाव घेतात, ते मला गैर वाटत नाही. मी ‘श्रीधर’ होतो. हाक मारण्याचं काम त्या नावानं प्रामाणिकपणे होतं. फक्त ते शेवटपर्यंत तेच राहायला हवं. आणि कुणी सरळ विचारलंच, ‘हे खरं नाव आहे का?’, तर खोटं बोलायचं नाही. ‘नाही, इथे आम्ही सगळे कामापुरतं नाव घेतो. पण बोलतोय तो मीच, आणि ऐकतोय तोही मीच.’ हे उत्तर ऐकून कुणी फोन ठेवल्याचं मला आठवत नाही.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे. ‘श्रीधर… पुढे?’ हा प्रश्न हमखास येतो. आडनाव विचारण्यामागे काय असतं ते आपण जाणतो. जात काढायची असते. पण ती नेहमी तुच्छतेनं काढली जाते असं नाही. अनेकदा ज्याला आयुष्यभर आडनावावरून तोललं गेलं, तोच घाबरून विचारत असतो, की हा माणूस मला हसणार तर नाही ना? म्हणून ‘जातीपातीचं इथे काही नाही’ असं भाषण द्यायचं नाही. ‘इथे आम्ही पहिलंच नाव सांगतो, आणि तुमचंही आडनाव विचारत नाही,’ एवढं पुरे. या वाक्याच्या दुसऱ्या अर्ध्या भागात त्याच्या भीतीला उत्तर आहे.

नावावरून एक उलटी गोष्ट सांगतो. हार्वे सॅक्स नावाचे अमेरिकन समाजशास्त्रज्ञ. १९६० नंतरच्या दशकात लॉस एंजेलिसमध्ये आत्महत्येच्या प्रश्नावर काम करणाऱ्या केंद्रात असताना त्यांनी मदतीसाठी आलेल्या फोनची ध्वनिमुद्रणं अभ्यासली. तिथल्या लोकांना फोन करणाऱ्याचं नाव न विचारता मिळवायचं होतं. सॅक्स यांच्या लक्षात आलं, की मदतनीसानं आधी स्वतःचं नाव सांगितलं की समोरचा बहुधा आपलं सांगतो. नावाला नाव, नमस्काराला नमस्कार. पण एका फोनवर समोरचा म्हणाला, ऐकू आलं नाही. मदतनीसानं नाव पुन्हा सांगितलं, समोरच्यानं ते उच्चारून खात्री केली. झालं! त्याचं नाव जिथे यायचं ती जागा या गडबडीत निघून गेली. पुढे तो नाव सांगायला तयार नाही असं दिसलं. सॅक्स यांना वाटलं, की ते ‘ऐकू आलं नाही’ हीच नाव न सांगण्याची युक्ती असू शकते. मला यातून एवढंच घ्यायचं आहे, की सुरुवातीच्या दोन-तीन किरकोळ वाक्यांत माणूस बरंच काही ठरवत असतो. किती उघडायचं आणि किती झाकायचं, हे तिथेच ठरतं.

आता एक फोन सविस्तर सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

रात्रीची वेळ. पलीकडे वयस्क पुरुषाचा आवाज. ‘कोण बोलताय?’ मी म्हणालो, ‘मी श्रीधर.’ मग ‘वय काय असेल तुमचं?’ ‘सत्तरी ओलांडली.’ ‘म्हणजे माझ्याहून मोठे. मी पासष्टचा.’ बघा, मी विचारलं नव्हतं. पहिली गोष्ट त्यांनी स्वतः सांगितली. ‘जेवण झालं?’ ‘हो, झालं. तुमचं?’ ‘नाही. इच्छा नाही.’ इथे मी थांबलो. ‘इच्छा का नाही?’ असं झडप घालून विचारलं नाही. त्यांनी परत माझाच विषय काढला. ‘मुलं किती तुम्हाला?’ ‘एक मुलगा.’ ‘जवळच असतो?’ ‘नाही, दुसऱ्या गावी.’ थोडा वेळ शांतता. मग, ‘फोन करतो का?’

या चार प्रश्नांचा क्रम पाहा. वय, जेवण, मुलगा, मुलाचा फोन. प्रत्येक प्रश्न माझ्याबद्दल आहे, पण चालतोय त्यांच्या दुखण्याच्या दिशेनं. माणूस आपली जखम आधी दुसऱ्याच्या अंगावर ठेवून बघतो, की इथे बोट लावलं तर काय होतं? मी म्हणालो, ‘करतो, रविवारी. तुम्ही फोनबद्दल विचारलंत म्हणून विचारतो, तुम्ही कुणाच्या फोनची वाट बघताय का?’

बराच वेळ काही नाही. मग रडणं. जमिनीच्या वाटणीवरून मुलगा आठ महिने बोलत नव्हता. थोड्या वेळानं मी स्पष्ट विचारलं, ‘जीव द्यायचा विचार मनात येतो का?’ असं थेट विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरतो ही भीती निराधार आहे. उलट बोलायला वाट मिळते. ते म्हणाले, फवारणीचं औषध काढून ठेवलंय. मग पुढचं सगळं बोलणं कामाचं होतं. घरात कोण आहे, शेजारी कोण जागं आहे, ते औषध आत्ता शेजाऱ्याच्या घरी जाऊ शकेल का. शेजाऱ्यांना हाक मारून औषध त्यांच्या हाती दिल्याचं मी फोनवर ऐकलं. पुढे काय झालं ते मला माहीत नाही. हेल्पलाइनवर बहुधा कळत नाही. पण सुरुवातीच्या त्या चार मिनिटांत मी ‘माझ्याबद्दल राहू द्या’ म्हणालो असतो, तर औषधाची गोष्ट माझ्यापर्यंत आलीच नसती.

उत्तर कसं असावं, हे यातून निघतं. ते खरं असावं, छोटं असावं आणि बोलण्याची पाळी समोरच्याकडे परत जावी. ‘छोटं’ का म्हणतो ते ऐका. एकदा एका तरुणीनं विचारलं, ‘काका, तुमच्या घरी कधी कुणी फार आजारी होतं का?’ आणि मी माझ्या पत्नीच्या आजारपणाबद्दल बोलत सुटलो. शेवटी ती मुलगीच मला धीर द्यायला लागली! ‘हो, पत्नी आजारी होती. तुमच्या घरी कुणी आहे का?’ इथेच मी थांबायला हवं होतं. आणि ‘खरं’ म्हणजे जवळीक साधायला खोटा अनुभव रचायचा नाही. मूल नसेल तर ‘नाही’ म्हणावं, आणि ‘म्हणून तुमचं दुःख मला कळणार नाही असं वाटतं का?’ असं विचारावं.

याला मर्यादा आहेत. काही फोन नुसते त्रास द्यायलाच येतात, आणि महिला स्वयंसेवकांना ते जास्त भोगावे लागतात. कसं ओळखायचं? अडचणीतला माणूस तुमच्या उत्तरानंतर स्वतःबद्दल काहीतरी सोडतो, ‘मी पासष्टचा’ सारखं. त्रास देणारा तसं काही देत नाही. त्याचे प्रश्न तुमचा पत्ता, नंबर, दिसणं यांकडे सरकतात. दोन-तीन वेळा पाळी परत देऊनही तेच चालू राहिलं, तर ‘यावर मी बोलणार नाही, तुम्हाला काही सांगायचं असेल तर ऐकते’ असं सांगून पुढे फोन ठेवण्यात काही चूक नाही. दुसरी मर्यादा वेळेची. ज्यानं आधीच काही खाल्लं-प्यायलं आहे, त्याच्याशी गप्पा नाहीत. पत्ता, सोबत कोण, आणि रुग्णवाहिका, एवढंच.

शेवटी, तुमच्यापैकी कुणाला किंवा कुणाच्या माणसाला गरज असेल तर सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. फोन लावल्यावर पलीकडच्याचं नाव आधी विचारावंसं वाटलं तर खुशाल विचारा.

आणि ज्यांना त्या पलीकडच्या खुर्चीत बसायचं आहे, त्यांनी नाव सांगा. त्या बाईंना मी ‘श्रीधर’ एवढंच म्हणायला हवं होतं. नंतर गप्प बसायचं होतं.