स्लॅबचा कोअर नापास. मग स्लॅब कमकुवत?

एम-25 काँक्रीटच्या एका स्लॅबचं उदाहरण घेऊ. तीन कोअर काढले. क्यूबच्या हिशेबात ताकद भरली 22, 20.5 आणि 18.5. ‘आयएस 456’नुसार सरासरी किमान 21.25 हवी आणि एकही कोअर 18.75च्या खाली नको. म्हणजे दोन्हीकडे नापास. तरीही स्ट्रक्चरल इंजिनीअरच्या पत्रात ‘मजबुतीकरणाची गरज नाही’ असं असू शकतं, आणि ते बरोबरही असू शकतं.

स्लॅब वाकतो तेव्हा ताण सळ्या घेतात, काँक्रीट फक्त वरच्या पातळ थरात दाब सोसतं. 125 मिमी जाडीत 8 मिमीच्या सळ्या 150 मिमी अंतरावर असतील, तर ताकद 18.5 धरूनही वाकण्याची क्षमता जेमतेम अडीच टक्के घटते. उलट, मधल्या भागातल्या खालच्या सळ्या 20 मिमी वर बसल्या, तर काँक्रीट उत्तम असूनही पाचवा हिस्सा जातो! त्यामुळे सळ्या प्रत्यक्ष कुठे आहेत, हे न मोजता दिलेलं पत्र अपुरंच.

बीमशिवाय थेट कॉलमवर टेकलेल्या स्लॅबला हा दिलासा नाही. तिथे कॉलमभोवतीचं काँक्रीटच महत्त्वाचं. शंका उरलीच, तर लोड टेस्ट: वापराच्या भाराच्या सव्वापट भार 24 तास ठेवायचा. तो काढल्यावर 24 तासांत 75 टक्के वाक परत गेला, तर स्लॅब पास.