वाजतो रोज, ऐकतो कोण?

फोनवर दर दोन तासांनी 'पाणी प्या' अशी आठवण येते आणि बोट ती न वाचताच बाजूला सारते. रात्री नऊला रक्तदाबाच्या गोळीची आठवण येते, तेव्हाही बोट तेच करते. असे का होते?

ज्या आवाजानंतर काहीच घडत नाही, त्याकडे मेंदू हळूहळू लक्ष देणे सोडतो. 'लांडगा आला'ची गोष्टच ती! खरी अडचण पुढे आहे. दोन्ही आठवणींचा सूर एकच असल्याने पाण्याची बेफिकिरी गोळीलाही लागते. रुग्णालयांत सतत वाजणाऱ्या यंत्रांच्या इशाऱ्यांबाबतही हाच धोका असतो.

म्हणून महिन्यातून एकदा सगळ्या आठवणींची यादी उघडा. प्रत्येकीपुढे एकच प्रश्न: ही वाजल्यावर मागच्या काही वेळा मी ते काम केले का? पाण्याची आठवण इथेच बाद होते. तहान लागतेच की. गोळीची मात्र चुकूनही पुसू नका. नऊला तुम्ही लोकलमध्ये असाल, तर ती जेवणाच्या वेळेवर न्या आणि तिला वेगळा सूर द्या. विम्याच्या हप्त्यासारखी वर्षातून एकदाच वाजणारी आठवण या चाचणीत मोजू नका.