डॉक्टरांना तुमची भाषा येत नसेल, तर मुलाच्या तपासणीत दुभाषी कसा असावा?

आमच्या नांदेड-लातूर भागात एकाच ओपीडीत चार-पाच भाषा ऐकू येतात. देगलूर, बिलोली, धर्माबादकडून येणाऱ्या अनेक घरांत तेलुगू बोलतात. उदगीर-देवणीकडच्या काही घरांत कन्नड, किनवट-माहूरकडे गोंडी आणि कोलामी, तांड्यावर गोरमाटी. 1956 मध्ये हैदराबाद राज्याची भाषावार वाटणी झाली आणि जिल्हे वेगवेगळ्या राज्यांत गेले, पण घरात बोलायची भाषा त्यामुळे बदलली नाही. घरातल्या पुरुषांना बाजारापुरती मराठी येते. मूल मात्र आईजवळ किंवा आजीजवळ वाढतं आणि त्या दोघींना मराठी येतेच असं नाही.

ताप-खोकल्याला खाणाखुणांवर थोडंफार निभतं. "मूल वेळेवर बोलत नाही" ही तक्रार असेल तेव्हा निभत नाही. या तपासणीचा मोठा भाग म्हणजे आईची हकीकत आणि मुलाची भाषा. दोन्ही डॉक्टरांना कळत नसतील, तर निष्कर्ष चुकू शकतो. माझ्याकडून एकदा असा चुकला होता. तीच गोष्ट इथे सांगतो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

पहिली भेट

मुलगा दोन वर्षं आठ महिन्यांचा. घरी तेलुगू. वडील कामाला हैदराबादेत, म्हणून आईसोबत मराठी शाळेत जाणारी दहा वर्षांची बहीण आली होती. मी विचारायचो, ती आईला सांगायची आणि उत्तर मराठीत आणायची.

"त्याला ऐकू येतं का?" बहीण आईला न विचारताच म्हणाली, "येतं. दार वाजलं की बघतो." "आधी कधी मोठा आजार झाला होता?" आई मिनिटभर बोलली, हाताने काही दाखवू लागली. बहीण म्हणाली, "ताप आला होता. मूर्च्छा आली होती. मग बरा झाला." मी लिहून घेतलं, तापात चक्कर. मग मुलाला मराठीत म्हणालो, "नाक दाखव." तो माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, बिचाऱ्याला मराठी कळत नाही. घरी एक भाषा आणि गल्लीत दुसरी, म्हणून बोलायला उशीर होत असेल असं समजून मी त्यांना सहा महिन्यांनी यायला सांगितलं.

दुसरी भेट

तीनच महिन्यांनी आई परत आली, कारण गावच्या आशाताई स्वस्थ बसल्या नाहीत. त्या स्वतः तेलुगू घरातल्या होत्या आणि मराठीही चांगलं बोलायच्या. या वेळी दुभाष्याचं काम त्यांनी केलं. सुरू करण्याआधी मी त्यांना एवढंच म्हणालो, "ताई, आई जे बोलेल ते जसंच्या तसं सांगा. लांबलं तरी चालेल. तुमचं मत मी नंतर वेगळं विचारेन."

मी तोच प्रश्न पुन्हा विचारला. आई पुन्हा "मूर्छा" म्हणाली. आशाताईंनी शब्द तसाच ठेवला आणि पुढे म्हणाल्या, "डॉक्टर, आमच्यात मूर्छा म्हणजे चक्कर नाही, फिट." मराठीत मूर्च्छा म्हणजे शुद्ध हरपणं, तर तेलुगूत त्याच शब्दाने झटके येण्याचा आजार सांगतात. कन्नडमध्येही तसंच. शब्द ओळखीचा वाटला म्हणून मी पहिल्या वेळी पुढे विचारलंच नव्हतं.

आता मी शब्द सोडला आणि विचारलं, "नेमकं काय दिसलं?" आईने हात-पाय ताठ करून दाखवले, डोळे वर फिरवले, झटके दाखवले. कधी? "बतुकम्माच्या दिवसांत." म्हणजे आपल्याकडच्या नवरात्राच्या सुमाराला. आशाताईंनी बोटांवर हिशोब करून सांगितलं, मूल तेव्हा चौदा महिन्यांचं होतं. दवाखान्यात दोन आठवडे ठेवलं, रोज सलाईनमधून इंजेक्शनं. कागद घरी पत्र्याच्या पेटीत होता. दुसऱ्या दिवशी तो आणला, त्यावर लिहिलं होतं, जिवाणूंमुळे झालेला मेंदूज्वर.

शेवटचा प्रश्न होता, त्याआधी तो काय बोलायचा? आई म्हणाली, "अम्मा, नान्ना, पालु." आई, बाबा, दूध. दवाखान्यातून आल्यावर हे शब्द हळूहळू गेले. हे तिने पहिल्या भेटीतही सांगितलं असावं. माझ्यापर्यंत ते पोचलं नव्हतं.

मुलाची तपासणी त्याच्या भाषेत

मग मुलाची परीक्षा. मी मराठीत विचारण्यात काही अर्थ नव्हता. आशाताईंना त्याच्या मागे थोड्या अंतरावर उभं केलं आणि साध्या आवाजात त्याला नावाने हाक मारायला सांगितली. तो वळला नाही. समोर येऊन "मुक्कु एक्कड?" म्हणजे नाक कुठाय असं विचारलं, तरी उत्तर नाही. "अम्मकु इय्यि", आईला दे, असं सांगितलं तेव्हा त्याने हातातलं खेळणं लगेच आईला दिलं. पण आईने त्याच क्षणी हात पुढे केला होता. तिला हात मांडीवर ठेवायला सांगून पुन्हा विचारलं, तर तो नुसता बघत राहिला.

या तपासणीत फसगत होते ती इथेच. ज्या मुलाला ऐकू येत नाही ते चेहरा, नजर आणि हात फार नीट वाचतं. दार आपटल्यावर जमीन हादरते, ते त्याला जाणवतं. म्हणून घरच्यांना मनापासून वाटत असतं की ऐकू येतं. दुभाष्याने वस्तूकडे बघू नये, बोट दाखवू नये, उत्तर सुचवू नये. आणि मूल चुकीचं किंवा अर्धवट बोललं तर ते सुधारून न सांगता त्याने जे उच्चारलं तेच सांगावं. "तो पालु म्हणाला" आणि "तो 'आऊ' म्हणाला, त्याला दूध हवंय" यातला फरक डॉक्टरांना हवा असतो.

मुलाला बेरा तपासणीसाठी वैद्यकीय महाविद्यालयात पाठवलं. यात मूल झोपेत असताना कानात आवाज देऊन मेंदूपर्यंत पोचणारे संकेत डोक्यावर लावलेल्या तारांनी मोजतात. मुलाने उत्तर द्यावं लागत नाही, म्हणून भाषेची अडचणही येत नाही. दोन्ही कानांत तीव्र बहिरेपण निघालं.

मेंदूज्वरानंतर असं होऊ शकतं. जंतूंची सूज आतल्या कानापर्यंत पोचते. पुढे काही मुलांत आतल्या कानाच्या शंखासारख्या पोकळीत हाड भरू लागतं, आणि मग कॉक्लिअर इम्प्लांटची तार आत बसवणं अवघड होतं. म्हणून मेंदूज्वरातून बऱ्या झालेल्या प्रत्येक मुलाचे कान लवकर तपासायचे असतात. या मुलाच्या स्कॅनमध्ये एका बाजूला हाड भरायला सुरुवात झालेली दिसली. दुसऱ्या कानात इम्प्लांट बसवता आलं. माझ्या चुकीने गेलेले तीन महिने म्हणूनच थोडे नव्हते.

"दोन भाषांमुळे उशीर" हे कारण कधी धरू नये

दोन भाषा कानावर पडणारं मूल त्या एकमेकांत मिसळतं, ते चालतं. शब्द मोजताना दोन्ही भाषांतले धरायचे. तेलुगूतले दहा आणि मराठीतले दहा म्हणजे वीस. दुभाष्याकरवी डॉक्टरांनी ही एकत्र यादी घ्यायला हवी. नुसती मराठी मोजली, तर चांगलं बोलणारं मूलही मागे पडल्यासारखं दिसेल. याउलट, दोन्ही भाषा मिळूनही सोळा महिन्यांपर्यंत एकही अर्थपूर्ण शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत "पाणी दे" सारखे दोन शब्द जोडत नाही, किंवा कोणत्याही वयात आलेले शब्द गेले, तर दोन भाषांवर खापर फोडून थांबू नये. पहिल्यांदा कान तपासावेत.

तुम्ही जाताना काय करावं

शक्यतो दोन्ही भाषा नीट येणारी, मोठी आणि घराबाहेरची व्यक्ती बघा. गावच्या आशाताई, अंगणवाडी ताई किंवा दवाखान्यातल्या सिस्टर चालतात. आपल्याकडच्या बहुतेक दवाखान्यांत नेमलेला दुभाषी नसतो, पण केसपेपर काढतानाच "आम्हाला तेलुगू बोलणारं कुणी हवं" असं सांगितलं तर बरेचदा कर्मचाऱ्यांतच कुणी सापडतं. कुणीच नसेल तर फोनचा स्पीकर लावूनही हकीकत सांगता येते. मुलाची भाषा तपासायला मात्र माणूस समोर लागतो.

भावंडांना हे काम देऊ नका. लहान मुलाला अवघड शब्द येत नाहीत, आणि घरची गोष्ट झाकावीशी वाटते. त्या बहिणीने नंतर आशाताईंना सांगितलं, फिट म्हटलं तर लोक भावाला हसतील असं तिला वाटलं. दीर किंवा शेजारी दुभाषी असला, तर आईही बाळंतपणाच्या वा नात्यातल्या लग्नाच्या गोष्टी मोकळेपणी सांगत नाही. बहिरेपणाचं कारण शोधताना त्या लागतात.

मुलाला रोज सांभाळणारी व्यक्ती सोबत असू द्या. जुने सगळे कागद आणा. मूल घरी कसं बोलतं याचे फोनवर दोन-तीन छोटे व्हिडिओ काढून आणा. आजाराचं नाव सांगण्यापेक्षा काय दिसलं ते सांगा, तारीख आठवत नसेल तर सण सांगा.

खोलीत डॉक्टरांनी आईकडे बघून बोलावं आणि एका वेळी एकच प्रश्न विचारावा. तुम्ही मिनिटभर बोललात आणि दुभाषी "नाही म्हणतात" एवढंच सांगून मोकळा झाला, तर हात वर करून थांबवा. तो तुमचा हक्क आहे. निघण्याआधी पुढे काय करायचं ते तुम्ही तुमच्या भाषेत परत सांगा आणि दुभाष्याने ते डॉक्टरांना ऐकवावं. चुकलेलं तिथेच कळतं.

अंगणवाडीत आणि शाळेत येणारं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अशा मुलांना पुढच्या तपासणीसाठी पाठवतं. इम्प्लांटसाठी सरकारी योजनांतून मदत मिळते, पण तिला वयाची अट असते. म्हणून "मोठा झाला की बोलेल" म्हणत थांबू नका.

त्या मुलाची स्पीच थेरपी सुरू झाली तेव्हा कुणीतरी आईला म्हणालं, आता घरी मराठीच बोला. ते ऐकू नका. आईला ज्या भाषेत सहज बोलता येतं, त्याच भाषेत मुलाला दिवसभर सर्वांत जास्त शब्द मिळतात. थेरपीचा घरचा अभ्यासही आम्ही आशाताईंकडून तेलुगूत समजावून दिला. पहिला शब्द ठरवला तो "पालु", कारण तो त्याच्याकडे आधी होता.