खिद्रापूरच्या देवळातला एक दिवस

सकाळी सात. कोपेश्वराच्या देवळाला वळसा घालून हत्ती बघून येतो. जोत्यावरचे हे दगडी हत्ती देऊळ पाठीवर घेऊन उभे आहेत. बऱ्याच जणांच्या सोंडा तुटल्यात. सहलीची पोरं आधी इथंच रेंगाळतात, म्हणून बोलायला सुरुवातही मी इथूनच करतो.

साडेनऊ. इचलकरंजीकडची शाळा आली. चपला बाहेर. स्वर्गमंडपात पोरांना मधल्या गोल रंगशिळेभोवती बसवतो. वर छताला मुद्दाम ठेवलेलं गोल भोक. डिसेंबरचं ऊन दक्षिणेकडून कलतं, त्यामुळे उजेडाचा गोल शिळेवर नेमका न बसता उत्तरेच्या खांबांकडे सरकलेला असतो. त्रिपुरी पौर्णिमेला याच भोकातून चांदणं उतरतं, तेव्हा माणसं रात्री मुद्दाम येतात.

दहा. ठरलेला प्रश्न येतोच. "काका, नंदी कुठाय?" एरवी शिवालयात नंदीच्या शिंगांवर बोटं टेकवून मधून पिंड बघायची, हे पोरांना घरून ठाऊक असतं. इथं ती सोयच नाही. मी कथा सांगतो: सती माहेरी यज्ञाला निघाली ती नंदीवर बसून. तिथं तिनं देह टाकला, शंकर कोपला, विष्णूनं त्याची समजूत घातली. म्हणून गाभाऱ्यात पिंडी दोन, कोपेश्वर आणि धोपेश्वर; धोपेश्वर म्हणजे विष्णू. नंदी राहिला यडूरला, आज कर्नाटकात. हे इतिहास म्हणून नाही, कथा म्हणून सांगतो. पण एकदा ऐकली की रिकामी जागासुद्धा पोरांना मूर्तीसारखी दिसायला लागते.

साडेदहा. गाभाऱ्याचा उंबरा ओलांडायचा, त्यावर पाय द्यायचा नाही. एका मुलीनं हळूच विचारलं, "आमच्यात असं करत नाहीत, हात जोडायलाच पाहिजेत का?" म्हटलं, "नाही गं बाळ. उंबरा तेवढा सांभाळ." बेल पालथा वाहायचा, तीन पानांचा, अखंड. फुलं पांढरी. हळद पिंडीला वाहत नाहीत. एका बाईंनी आणलेली पुडी परत पिशवीत ठेवायला लावली.

अकरा. खरी गडबड प्रदक्षिणेची. पोरं पूर्ण गोल पळतात, आणि मोठी माणसं त्यांच्या मागून. पिंडीची शाळुंका उत्तरेकडे असते, अभिषेकाचं पाणी तिकडून वाहतं. तो प्रवाह ओलांडायचा नसतो. तिथपर्यंत जायचं आणि आल्या वाटेनं मागं फिरायचं. शब्दांत सांगून हे डोक्यात शिरत नाही. म्हणून एका पोराला हात पुढं करून 'पाण्याची वाट' म्हणून उभं केलं. बाकीचे त्याच्यापाशी येऊन वळले. दुसऱ्या फेरीला त्यालाच फिरायचं होतं, मग त्याच्या जागी शिक्षिका उभ्या राहिल्या.

दुपारी विशेष काही नाही. जेवण, डुलकी.

पाच. नृसिंहवाडीहून आलेलं एक जोडपं, बसची घाई. त्यांना फक्त हत्ती आणि नंदीची रिकामी जागा दाखवली. आता यडूरला कसं जायचं, ते विचारतायत.